लागलं की लावलं

बायकोचं डोकं नक्की कधीपासून दुखायला लागलं, हे मला डॉक्टरांना धड सांगता आलं नाही. आता लिहायला बसल्यावरही खात्रीने सांगता येत नाही. तीन आठवडे असतील, कदाचित थोडे जास्त. तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांची अक्षरं शोधत बसलो. स्वतःच्या घरात काय छापून येतंय याकडे माझं लक्ष नसतं, असं बायको म्हणते.

ती शाळेत गणित शिकवायची. बोलणं तुकड्यातुकड्यांत आणि बिनचूक. त्यामुळे एका सकाळी ती म्हणाली, "अहो, तो चष्मा द्या, चहा ढवळायचाय," तेव्हा आपणच चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. माझा डावा कान निकामीच आहे. मी चमचा दिला, तिने घेतला आणि चहा ढवळला. म्हणजे ती चमचाच म्हणाली असणार.

डोकं दुखतं, हे मात्र ती स्पष्ट म्हणायची. "दुखतं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"जड. ओली उशी ठेवल्यासारखं."

माझ्याकडे घरगुती उपायांचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात कोमट तेलाच्या मालिशीवर अडीच पानं आहेत. थकवा, डोळ्यांवरचा ताण, मान ताठल्यामुळे येणारं दुखणं, झोप न लागणं, कोरडी टाळू, या सगळ्याला आराम पडतो असं लिहिलं होतं. शेवटचं अर्धं पान कधीतरी फाटलेलं होतं. मी विचार केला, मुख्य ते हाती आहे.

रोज दुपारी मी तेल लावू लागलो. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, थेट आचेवर नाही, एवढं पुस्तकात होतं. बायको डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "तुम्ही डोकं चोळताय की पानं उलटताय?" पण तासभर तिला बरं वाटायचं. मग पुन्हा जड.

आठवड्याने तीच म्हणाली, "आक्काला बोलवा. तुमच्या हातात जोर नाही."

आक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी मालीशवाली. बाळंतिणी, तान्ही मुलं, गुडघे धरलेली म्हातारी माणसं, सगळी तिच्याकडे. साठीची असेल. हात रुंद आणि उबदार, बोलणं रोखठोक. आल्या आल्या तिने माझी वाटी पाहिली, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकले आणि म्हणाली, "काका, हे तेल कोमट नाही, गार झालंय. परत पाणी तापवा."

मी पाणी तापवायला गेलो. ती आतून प्रश्न विचारत होती. ताप आहे का, टाळूवर फोड, जखम, टाके काही आहेत का, दुखणं एकदम कळ येऊन सुरू झालं की हळूहळू. बायको उत्तरं देत होती. मी भांडं घेऊन दारात आलो तेव्हा आक्काने मान वळवून मला विचारलं, "आणि काका, एवढ्यात डोक्याला काही लागलं होतं का?"

निदान आता मला कळतं की तिने तेच विचारलं होतं. मी ऐकलं ते 'लावलं'.

"हो तर," मी म्हणालो. "तिळाचं. रोज दुपारी. मीच लावतो."

आक्का खो खो हसली. बायकोही हसली. "यांचं काय ऐकतेस," ती म्हणाली, "यांनी लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच. तू कर सुरू." आक्काने पदराने डोळे पुसले आणि सुरू केलं. तो प्रश्न त्या हसण्यात विरघळून गेला. एका अक्षराचा फरक. छापखान्यात अशा चुकीबद्दल मालक मला अख्खं पान पुन्हा वाचायला लावायचे.

आक्काचं काम पाहण्यासारखं होतं. नखं नाहीत, फक्त बोटांची पेरं. टाळूपासून सुरुवात, लहान लहान गोल, मग कानशिलं, कानामागे, आणि मानेच्या खळगीत दोन अंगठे. मान ती कधी मुरडत नसे, कडकडा वाजवत तर मुळीच नसे. "ते न्हाव्याच्या खुर्चीतले खेळ," ती म्हणायची. "म्हाताऱ्या मानेशी मस्करी नाही." मी विचारलं, तेल आत कुठवर जातं? ती म्हणाली, "आत कशाला जातंय? वरची ताठलेली कातडी सैल होते. आणि कुणीतरी आपल्या डोक्याला हात लावतंय, याचं माणसाला बरं वाटतं. तेवढंच."

एक दिवसाआड ती येऊ लागली. मालीश झाली की बायको गाढ झोपायची. मला बरं वाटायचं. आता लिहिताना वाटतं, ती झोप जरा जास्तच नव्हती का? पण तेव्हा मी असा विचार केला की नाही हेही मला आठवत नाही. एके दिवशी तिने मला विचारलं, "तुमचा छापखाना आज बंद का?" मला निवृत्त होऊन चौदा वर्षं झालीत. ती थट्टा करतेय असं समजून मी हसलो. ती हसली नाही. मग मलाच वाटलं, की आपण विनोद नीट ऐकला नाही. आमच्या दोघांत गोंधळणारा मी, हे लग्नापासून ठरलेलं आहे. ती वाटणी कधी बदलेल असं मनातही आलं नाही.

चौथ्या खेपेला आक्काने नेहमीसारखा टॉवेल बायकोच्या हातात दिला. तो उजव्या हातातून खाली पडला. आक्काने उचलून पुन्हा दिला. पुन्हा पडला. बायको त्या हाताकडे शेजारणीच्या हाताकडे पाहावं तसं पाहत राहिली.

"बाई, माझी दोन्ही बोटं दाबा बघू," आक्का म्हणाली. तिने दोन बोटं पुढे केली. बायकोने दाबली, डाव्या हाताने घट्ट, उजव्याने जेमतेम. आक्काने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"आज मालीश नाही."

"का गं?" बायको म्हणाली. "चांगला उजेड तापलाय की."

या वेळी मी ऐकलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनेही तेच ऐकलंय. माझा कान चुकला नव्हता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला कानाचा भरवसा वाटला.

"काका, सरळ विचारते," आक्का म्हणाली. "या पडल्या होत्या का? डोकं कुठे आपटलं होतं का?"

"नाही," बायको म्हणाली. "कुठे आपटायला गेलेय मी?"

ती इतक्या ठामपणे म्हणाली की मीही मान डोलावणार होतो. ती नाही म्हणते म्हणजे नाही, हेही लग्नापासून ठरलेलं. पण एक काहीतरी अंधुक दिसत होतं. पुस्तकांच्या कपाटाचं वरचं दार. ते मी उघडंच टाकतो. ती खाली वाकून केर काढत होती, उठली, आणि खाडकन आवाज. रक्त नाही, टेंगूळ नाही. "एक दिवस हे कपाट माझा जीव घेईल," ती म्हणाली होती, आणि मग आम्ही जेवलो. हे खरंच घडलं, की मी कुठे वाचलं? महिना झाला असेल, की दीड?

"आपटलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज फारच बारीक निघाला. "कपाटाच्या दारावर. दार मीच उघडं टाकलं होतं."

"आणि मी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं, डोक्याला काय लावलं ते विचारतेस."

आक्काने वाटीवर झाकण ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मीही हसत बसले. परत विचारायला हवं होतं. गोळ्या कसल्या घेतात?"

हृदयाचे ठोके चुकतात म्हणून बायकोला रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. हे ऐकताच आक्काने चपला घातल्या आणि रिक्षा आणायला गेली.

"मी कुठेही येणार नाही," बायको म्हणाली. "झोप आलीय मला."

एरवी मी तिथेच थांबलो असतो. "आज माझं ऐक," मी म्हणालो, आणि तिच्या पायात चपला घालायला खाली बसलो. आधी उलट्या घातल्या.

रुग्णालयात सगळं एकदम झालं आणि काहीच होईना. डोक्याचं चित्र काढलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर डाव्या बाजूची एक करडी चंद्रकोर दाखवली. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साठलंय, म्हणाल्या, हळूहळू, कित्येक दिवस. म्हातारपणी साध्या टोल्यानेही होतं, त्यात ती गोळी. आधी गोळीचा परिणाम उतरवायचा, मग कवटीला लहान भोकं पाडून रक्त काढायचं.

"मी रोज डोकं चोळत होतो," मी म्हणालो. "त्यामुळे...?"

"मालिशीमुळे झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात फरक पडला नाही असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. ताणाने दुखणाऱ्या डोक्याला तेलाने आराम मिळतो, माझी आईही लावते. पण डोक्याला मार लागला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, बोलण्यात घोळ होत असेल, हातातला जोर गेला असेल, तर आधी इथे यायचं. बरं वाटत गेलं, म्हणून तुम्हाला उशीर झाला."

हे वाक्य मी अनेकदा मनात वाचलं. त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. बायकोचं अर्धं डोकं भादरलेलं, पट्टी बांधलेली, एक नळी. डोळे मिटलेले. वाचेल, हे डॉक्टर म्हणाल्या होत्या. कोण म्हणून उठेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिने डोळे उघडले. "आक्का आली नाही?"

"टाके आहेत. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्याला तेल नाही, हात नाही. आक्काही हेच म्हणाली."

"मग पाय चेपा."

"कुठला?"

"डावा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "उजवा. चष्मा."

चष्मा म्हणजे चमचा? की काही तिसरंच? याआधी मी गप्प बसलो असतो, आपलाच कान म्हणून. या वेळी वाकून उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"काय म्हणालीस? परत सांग."

"चष्मा," ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं. "तुमचा. कपाळावर आहे. खाली घ्या, म्हणजे पाय कुठला ते दिसेल."

मी कपाळाला हात लावला. चष्मा तिथेच होता. तो डोळ्यांवर घेतला आणि तिचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. तो थंड होता. हळू दाबायला लागलो. ती खरंच सावरली होती, की हे एक वाक्य नशिबाने बरोबर पडलं होतं, मला कळेना.

मग तिच्या टाचेने माझा तळहात मागे रेटला. जोर फारसा नव्हता.

"पानं उलटू नका," ती म्हणाली. "चेपा."