शेवाळी हिरवा

चहाच्या दुकानवाल्याचा फोन आला तेव्हा वहिनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत होते. तिने फोन कोपराने दाबून स्पीकरवर टाकला. त्याला मागच्या वर्षीसारखेच साठ कप हवे होते. "आणि हिरवा तोच हवा हां. थोडा जरी वेगळा आला तर जुन्या कपांच्या शेजारी उपरा दिसतो."

"तोच देते," वहिनी म्हणाली. हात धुऊन ती लॅपटॉपपाशी बसली.

तो हिरवा काढायला तिला सहा खेपा लागल्या होत्या. दर खेपेला ती तिच्या एआय सहायकाशी बोलायची: कुठली पूड किती घातली, कप कसे निघाले, ग्लेझवर, म्हणजे कपावरच्या काचेसारख्या लेपावर, सुईच्या टोकाएवढी भोकं का पडली. सहाव्या खेपेला भट्टी थंड होताना मध्येच अर्धा तास एका तापमानावर धरली आणि रंग जमला. सगळं त्या एकाच चॅटमध्ये होतं. वहीत उतरवायचं राहून गेलं ते गेलंच.

डावीकडच्या यादीत शेकडो चॅट होते. खातं एकच. वहिनी आणि तिची नणंद, दोघी तेच वापरायच्या. नणंदेला घरात सगळे बारकी म्हणत. आता ती चौतिशीची होती आणि दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. गेली सहा वर्षं ती वहिनीच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात चाकावर बसत होती.

वहिनी यादी खाली खाली सरकवत गेली. "पार्सलचा पत्ता." "घरमालकाला पत्र." "दुखऱ्या मनगटाचे व्यायाम." हिरवा रंग कुठेच नाही, ग्लेझ कुठेच नाही. मग तिने वर शोधायच्या चौकटीत "ग्लेझ" लिहिलं. हा शोध चॅटच्या नावातही बघायचा आणि आतल्या मजकुरातही. तीन चॅट आले, तिन्ही बारकीचे. एकाचं नाव होतं "स्वतंत्र जागेसाठी यादी". नावाखाली आतली एक ओळ दिसत होती: "ग्लेझचं सामान वेगळं घेईन, वहिनीला आत्ता काही सांगायचं नाही."

वहिनीने मागे वळून बघितलं. बारकी बाहेर कच्चे वाडगे उन्हात फिरवून ठेवत होती.

तिने चॅट उघडला. एका माणसाला पुरेल अशी भट्टी केवढी असावी, लहान खोलीत धूर बाहेर कसा काढावा, माती कुठे साठवावी. अथपासून इतिपर्यंत वाचून काढला. मग बंद केला. ही चालली. आणि जाताना हिरवा घेऊन चालली. स्वतःसाठी उतरवून घेतला असणार आणि इथला पुसून टाकला असणार.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, विचार की तिला सरळ."

"तुझी बहीण आहे म्हणून तू असं बोलतोस."

"माझी बहीण आहे म्हणूनच म्हणतोय. तिला खोटं बोलताच येत नाही, लगेच कान लाल होतात."

पुढचे दोन दिवस वहिनी बारकीच्या कानांकडे बघत राहिली. पुडीच्या बरण्यांवर तिने आतल्या पातळीला पेन्सिलची बारीक रेघ मारली. बारकी फोन घेऊन बाहेर गेली की वहिनीला नेमकं खिडकीजवळचं फडकं पिळायचं असायचं. एकदा तिने बारकीला ग्लेझ लावून बघायच्या नमुन्याच्या फरश्यांचे फोटो काढताना पाहिलं आणि त्या रात्रीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारकी वाडग्यांचे तळ कोरत होती. वहिनी समोर जाऊन उभी राहिली.

"हिरव्याचा चॅट कुठे आहे?"

"यादीत असेल की."

"नाहीये. ग्लेझ म्हणून शोधलं. तुझेच तेवढे निघाले."

बारकीने चाक थांबवलं. कान लाल झाले. वहिनीला वाटलं, झालं, सापडली.

"म्हणजे तू माझं वाचलंस," बारकी म्हणाली.

"वाचलं."

"मग मी जाणार हे तुला कळलंय. बरं झालं एका परीने, मला सांगायला जड जात होतं. पण तुझा हिरवा मी पुसला, असं वाटलं तुला?"

बारकीने हात पुसले आणि स्टूल ओढून लॅपटॉपपाशी बसली. आवाज कोरडा होता. "तू कधी नवा चॅट उघडतेस का? समोर जो असेल त्यातच लिहीत सुटतेस. नाव पडतं ते सुरुवातीच्या बोलण्यावरून. तेव्हा सुरुवातीला काय विचारलं होतंस?"

"ते कसं आठवणार!"

"मग आतलं आठव. आणि तेव्हा तू या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचीस. देवनागरीत शोधून ते कसं सापडेल?"

वहिनीने इंग्रजी अक्षरांत ग्लेझ लिहिलं. काही नाही.

"दर वेळी स्पेलिंग वेगळं करतेस तू," बारकी म्हणाली. "दुसरा शब्द घे. तुझ्याशिवाय कोणी लिहिणार नाही असा. रंग कसा हवा म्हणून सांगितलं होतंस?"

"शेवाळासारखा," वहिनी म्हणाली. "ओल्या भिंतीवरच्या."

"लिही, तुझी बोटं लिहितील तसं."

तिने इंग्रजी अक्षरांत शेवाळ लिहिलं. एकच चॅट आला: "घरमालकाला पत्र". खाली तिचीच ओळ होती, रंग शेवाळासारखा हवा, पोपटी नको. उघडला तर वरती मोरीच्या गळक्या नळाबद्दल घरमालकाला लिहिलेलं विनंतीपत्र, आणि त्याच्याखाली काहीही संबंध नसलेली पहिली खेप, दुसरी, थेट सहावीपर्यंत. तीन दिवसांपूर्वी हे नाव तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं.

"मी पुसला असता तर कसाही शोधून निघाला नसता," बारकी म्हणाली आणि उठली.

वहिनीने आधी आकडे वहीत उतरवले, मग चॅटचं नाव बदलून "शेवाळी हिरवा, सहावी खेप" असं ठेवलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, चुकलं," बारकी म्हणाली. "मीही आधी सांगायला हवं होतं." दोघींपैकी कोणीच हसलं नाही. जरा वेळाने चाक पुन्हा सुरू झालं.

साठ कप निघाले. दुकानवाल्याने जुना कप शेजारी धरून बघितला आणि मान हलवली.

दोन महिन्यांनी बारकीची खोकी टेम्पोत चढत होती. वहिनी एकेक खोकं उचलून देत होती. एक लहान पण जड होतं, कागदात गुंडाळून दोरीने बांधलेलं. तिने ते हातात धरून ठेवलं. विचारू नये असं तिने स्वतःला तीनदा सांगितलं.

"यात काय आहे?"

बारकीने तिच्याकडे बघितलं. मग दोरी सोडली. आत नमुन्याच्या फरश्या होत्या, सगळ्या पांढऱ्या: दुधी, मळकट, निळसर झाक असलेल्या.

"मला पांढरा काढायचाय," बारकी म्हणाली. "अजून जमला नाहीये."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि विचारल्याचं बरंही वाटलं. दोरी तिने स्वतःच पुन्हा बांधली, घट्ट, दोन गाठी मारून.