हिरव्या भेंडीत हिरवी काच

भाजी परदेशी पाठवायला लागणाऱ्या ग्लोबल गॅप सर्टिफिकेटचं ऑडिट चालू असताना नव्या सुनेला पॅकहाऊस दाखवायची हौस रावसाहेबांनाच यावी! धायरीतलं पॅकहाऊस त्यांचं, सूनही त्यांची, अडवणार कोण? सुपरवायझर तनुजा टोप्यांचा डबा घेऊन धावेस्तोवर राजनंदिनी भेंडीच्या टेबलाशी पोचलीसुद्धा. दोन्ही हातांत हिरवा चुडा.

"वहिनी, मागे या!" तनुजा ओरडली, आणि राजनंदिनीचा हात दचकून क्रेटवर आपटला. खळ्ळ!

"अगंबाई, बांगडी वाढवली!" भेंडी भरणारी शैला म्हणाली.

"लाइन बंद! कुणी हलू नका, मालाला हात लावू नका," तनुजानं फर्मावलं.

रावसाहेब कानाशी आले. "अहो, केवढीशी ती बांगडी! उचला न् चालू करा. संध्याकाळी माल विमानतळावर हवाय. तो ऑडिटर बघतोय."

"बघत नसता तरी बंदच केली असती. परदेशात कुणाच्या घशात काच गेली, की ही गाडी शेवटची समजा."

ऑडिटर इंद्रजीत हात मागे बांधून उभा. नजर तनुजाच्या हातांवर. त्यानं तनुजाला जास्तच घाम फुटला.

तिनं एकेक तुकडा वेचून पांढऱ्या कागदावर बांगडी जुळवली. गोल झाला, पण मध्ये फट. नखाएवढी. टॉर्चनं फरशी पाहिली, सगळ्यांच्या चपलांचे तळ पाहिले. नाही. हिरव्या भेंडीत हिरवी काच, शोधा आता!

"या आणि शेजारच्या टेबलाचा माल बाजूला. लाल पट्टी लावा."

"अर्धी गाडी रिकामी जाईल हो!"

"जाऊ दे. सर्टिफिकेट गेलं तर गाडीच नको."

तेवढ्यात तनुजाची नजर सुनेच्या मुठीवर गेली. मूठ घट्ट, आणि बोटांतून लाल ओघळ.

"वहिनी, मूठ उघडा बघू."

तुकडा तिथंच होता. राजनंदिनी रडायलाच आली. "घाबरून उचलला हो. नवा चुडा... सासूबाई अपशकुन म्हणतील."

तुकडा फटीत बरोब्बर बसला. रावसाहेबांनी टाळी वाजवली. "झालं! करा चालू!"

"शेजारचा माल सुटला. पण या टेबलावरचा फेकायचा. काचेचा चुरा असेल, वर रक्त. वहिनींना पट्टी बांधा, टेबल धुऊन निर्जंतुक करा, मी तपासते, मग चालू."

इंद्रजीतनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काच फुटल्यावर जे केलंत ते चोख. पण पाहुणे दागिन्यांसकट आत आले कसे? ही त्रुटी लिहितोय. सुधारणा करा, पुरावा पाठवा. तोवर सर्टिफिकेट नाही."

रावसाहेबांनी तनुजाकडे असं पाहिलं, जणू चुडा तिनंच भरला होता.

तनुजानं दागिने काढून ठेवायचा निळा ट्रे पुढे धरला. "मग सुधारणा तुमच्यापासूनच, साहेब. अंगठ्या काढा. पुष्कराज, पोवळं, आणि तो करंगळीतला नीलम."

रावसाहेबांनी ऑडिटरकडे पाहिलं, भेंडी भरणाऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि पुष्कराज ओढू लागले. निघेना.

"साबण आणू का हो?" शैलानं विचारलं.