मावशीचे हात

प्रसूतीच्या वॉर्डात तीस वर्षं आया म्हणून काढलेल्या बाईला सगळे मावशीच म्हणत. दूध दाटून छाती दगड झालेल्या किती बाळंतिणींना तिने मोकळं केलं, त्याला गणती नाही. तिच्या हाताला गुण आहे, असं डॉक्टरसुद्धा म्हणत. मावशीचाही त्यावर विश्वास बसला, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

लेकीचं बाळ तीन आठवड्यांचं होतं. एका सकाळी उजव्या छातीत बाहेरच्या अंगाला टोकाकडे निमुळती होत गेलेली कडक गाठ लागली. वर लाली होती, अंग तापलं होतं. दुधाची नळी तुंबलीय, दोन दिवसांत सुटेल, असं मावशीने छातीठोकपणे सांगितलं आणि गरम शेक देऊन तेल लावून ती गाठ रगडू लागली. तापाचं दूध नको म्हणून बाळाला त्या बाजूला लावूही दिलं नाही. लेक दात-ओठ आवळून पडून राहायची. विचारलं की म्हणायची, बरं वाटतंय.

पाचव्या दिवशी तिला अशी हुडहुडी भरली की खाट हलली. तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

सोनोग्राफीत पू दिसला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. नुसती नळी तुंबली तर गाठ दुखते, पण बाई एरवी बरी असते, आणि पाजत राहिलं की ती बहुधा एक-दोन दिवसांत सुटते. ताप, थंडी, अंगदुखी आणि वर लाल पट्टा आला, तर ती स्तनाची सूज. तेव्हा रगडायचं नाही, गार पट्ट्या ठेवायच्या, बाळाला पाजत राहायचं, त्या दुधाने बाळाला काही होत नाही. एका दिवसात उतार पडला नाही, तर औषध लागतंच.

मावशीला आपला वॉर्ड आठवला. वॉर्डातून बायका तिसऱ्या दिवशी घरी जात. तिसऱ्या आठवड्यातली छाती तिने तीस वर्षांत पाहिलीच नव्हती. ज्यांना पुढे त्रास झाला, त्या दुसऱ्या मजल्यावर दाखल होत, आणि मावशीपर्यंत पोचायचं ते फक्त कौतुक.

सुईने पू काढून लेकीला खोलीत आणलं. मावशीने कळवळून विचारलं, "इतकं दुखत होतं, तर बोलली का नाहीस गं?"

"सगळ्यांना तुझ्या हाताने बरं वाटायचं ना, आई. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मावशीला रडू आवरेना. तेवढ्यात बाळ भुकेने कळवळलं. नर्सने त्याला त्याच दुखऱ्या बाजूला हलकेच लावलं आणि गाठीवर गार पट्टी धरायला मावशीला सांगितलं. मावशी पुढे झाली. तिचा हात जवळ येताच लेकीने नकळत अंग चोरलं.

मावशीने पट्टी नर्सच्या हातात दिली आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.