चार मथळे आणि एक जखम

विश्वंभर गित्तेला पॅथॉलॉजी येत नव्हती असं नाही. लिहिता येत नव्हती. लोबार न्यूमोनियावर दहा मार्कांचा प्रश्न आला, की हा थेट फुप्फुस यकृतासारखं लाल आणि घट्ट होतं तिथून सुरू करायचा. तो लालपणा त्याला इतका आवडायचा की तीन पानं त्यातच जायची. रोग म्हणजे काय, कशामुळे होतो, पुढे काय बिघडतं, याचा पत्ताच नाही. घंटा वाजली तरी याचं फुप्फुस लालच.

प्रिलिममध्ये तो अडकला. फेरपरीक्षेत एकच दीर्घोत्तरी प्रश्न, अर्धा तास, दहापैकी सहा हवेत. नाही मिळाले तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नाही आणि तो ऑड बॅचला, म्हणजे सहा महिने मागे, जाणार.

मी त्याच्या मेडिकल कॉलेजात ट्यूटर. बाळ आठ महिन्यांचं, दुपारी सासूबाई त्याला डिपार्टमेंटमध्ये आणून सोडायच्या. एका मांडीवर बाळ, समोर विश्वंभर, अशी आमची शिकवणी.

"हे बघ, कागद मिळाला की आधी चार मथळे. व्याख्या, कारणं, रूप आणि लक्षणं, गुंतागुंत. प्रत्येकाखाली जागा सोड. मग भर."

"आणि मॅडम, काही आठवलंच नाही तर?"

"मथळ्यांखाली रेघा तरी मार. तपासणाऱ्याला आधी सांगाडा दिसतो."

"म्हणजे मटणाआधी हाडं," तो म्हणाला. बाळ खदखदून हसलं. त्याला हसायला कारण लागत नाही.

पंधरा दिवसांत पोरगं तयार झालं. क्षय, सिऱ्होसिस, न्यूमोनिया, काहीही विचारा, चार मथळे आणि सात-सात मिनिटं. मी खुशीत आमच्या विभागप्रमुख आष्टेकर मॅडमना सांगितलं. तिथेच चुकलं.

"साच्यातला गणपती केलास होय गं त्याचा?" त्या चष्म्यावरून म्हणाल्या. "बघू साचा किती टिकतो."

फेरपरीक्षेच्या दिवशी सुपरव्हिजन माझ्याकडेच. पाकीट फोडलं. प्रश्न होता, 'जखम भरून येण्याची प्रक्रिया लिहा.'

हा रोगच नव्हे! जखम भरून येण्याची कारणं काय लिहिणार? लक्षणं काय? आणि मी बोलूही शकत नव्हते.

विश्वंभरने शिकवल्याप्रमाणे चार मथळे लिहिले, पट्टीने रेघा मारल्या. मग दुसऱ्या मथळ्यावर पेन टेकवून बसला. पाच मिनिटं गेली. त्याच्या शेजारून जाताना दिसलं, 'कारणे' या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती. 'जखम होणे.'

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हसू आणि रडू एकदम आलं की माणसाने खिडकीच पाहावी.

परत वळले तेव्हा तो आपला डावा हात बघत होता. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, आतल्या बाजूने ओढलेला, चकचकीत व्रण. मग तो एकदम खाली सरकला आणि शेवटच्या मथळ्यापासून लिहू लागला. उलटा! वर जागा कोरी ठेवून हा गुंतागुंत लिहितोय! मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

तपासायला पेपर आष्टेकर मॅडमकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बस. हे वाच. कारण: जखम होणे." त्या इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. "आता पुढे वाच."

गुंतागुंतीत व्रण आकसून सांधा अखडणे, केलॉइड म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, टाके उसवणे, जंतुसंसर्ग. मग 'कारणे' खोडून वर लिहिलेलं: 'भरून येणे लांबण्याची कारणे'. त्यात संसर्ग, मधुमेह, कमी रक्तपुरवठा, 'क' जीवनसत्त्वाचा अभाव. तिसऱ्या मथळ्यातलं 'लक्षणे' खोडून नुसतं 'रूप'. टाके घालून कडा जुळवलेली स्वच्छ जखम बारीक व्रणाने भरते, उघडी मोठी जखम तळापासून भरते, आकसते आणि मोठा व्रण सोडते. सगळ्यात शेवटी, वरच्या जागेत घाईने खरडलेली व्याख्या.

"उलटं का लिहिलंस म्हणून मी त्याला विचारलं," मॅडम म्हणाल्या. "म्हणतो, लहानपणी गुऱ्हाळात उकळता रस हातावर सांडला होता. काय बिघडलं ते ठाऊक होतं. मग का बिघडलं, ते एरवी कसं दिसतं, म्हणजे नेमकं काय, असं विचारत वर गेलो. तू शिकवलंस का त्याला हे?"

"नाही मॅडम. मी मथळे शिकवले."

"त्याने ते प्रश्न केले." त्यांनी लाल पेन उचललं. "अर्धा मार्क कापते. जखम होणे! सहा हवे होते ना त्याला? साडेसहा."

बाहेर बाकावर विश्वंभर बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. मी बोटांनी आकडा दाखवला. त्याने बाळाला इतकं उंच उचललं की त्याचा अखडलेला डावा हात तेवढा थोडा खाली राहिला.