परत न येणारं चक्र

तोंड बोलून मोकळं झालं आणि पणाला लागलं बोट. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. बोट अण्णांचं, पण झोप उडाली होती त्यांच्या सुनेची.

शस्त्रखेळांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. निवेदक म्हणून जो गृहस्थ दरवर्षी माईक धरतो, तो सकाळी कारखान्यात आला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. एक भट्टी, एक ऐरण, पकड आणि धार लावायचं यंत्र, बस्स. निवेदकानं चहा घेतला, दुसरा मागितला आणि म्हणाला, "अण्णा, लोकांना यंदा काहीतरी खतरनाक द्या. तुमचे वडील चक्र फेकून परत बोटावर झेलायचे म्हणे?"

"म्हणे काय? मी डोळ्यांनी पाहिलंय," अण्णा म्हणाले.

"मग तुम्ही?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. हा हात मिशीवर गेला की घरातल्यांनी समजावं, आता काहीतरी निस्तरावं लागणार.

"रक्त त्यांचंच आहे," अण्णा म्हणाले. "उद्या झेलतो. धारेचं. खरं."

निवेदक उड्या मारत गेला. त्याचं काय जातंय? असल्या माणसांची मला चीड आहे. ज्यांना भेंडी चिरताना घाम फुटतो, तेच लोक गोष्टीत एका चक्रानं दहा मुंडकी उडवतात आणि अकराव्यावरून वळवून परत आणतात. चक्र म्हणजे काय पाळलेलं कबूतर आहे? पण ऐकणाऱ्याला तेच हवं असतं, आणि सांगणाऱ्याला ऐकणारा हवा असतो.

सून पकडीत चक्र आवळून कानस चालवत होती. चक्र म्हणजे फेकून मारायचं पोलादी कडं. ते अण्णा घडवायचे, पोलाद तापवून, पट्टी वळवून, दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून जोडायचे. पुढचं सगळं तिचं. बाहेरच्या कडेला धार, आतली कड गोल आणि बोथट, म्हणजे धरणाऱ्याचा हात सुरक्षित. आणि मग तोल. तोल पाहायची तिची रीत साधी होती. भिंतीत एक पातळ खिळा होता, त्यावर चक्र आतल्या कडेनं टांगायचं आणि हलकेच फिरवून सोडायचं. जिथं जोड, तिथं धातू जास्त, म्हणून बहुतेक वेळा जोडाचीच बाजू खाली येऊन थांबायची. मग तिथं आतून कानस चालवायची, पुन्हा टांगायचं. चक्र कुठंही फिरवून सोडलं तरी कुठलीच एक बाजू खाली ओढेनाशी झाली, की झालं.

"अण्णा," ती कानस न थांबवता म्हणाली, "उद्याच्या चक्राला मी धार लावणार नाही."

"नको लावू. मी लावतो. यंत्र काय तुझ्या माहेराहून आलंय?"

"हो. माझ्या माहेराहूनच आलंय."

आता हे खरं होतं. तिचे वडील कात्र्या-विळ्यांना धार लावायचे आणि लेकीबरोबर त्यांनी ते यंत्र पाठवलं होतं. तेवढ्यात तिचा नवरा दारात आला, दोघांचे चेहरे पाहिले, "पाण्याची टाकी भरलीय का बघतो" म्हणाला आणि नाहीसा झाला. टाकी सकाळपासून वाहत होती.

"माझ्या वडलांना खोटं ठरवतेस?"

"कुणाला खोटं ठरवत नाही. तुमचं बोट मला जेवताना ताटावर हवंय, ताटात नको."

अण्णांना हसू आलं होतं, पण ते मिशीखाली दाबून म्हणाले, "मग काय करू? शब्द दिलाय."

"आधी बिनधारेच्या चक्रावर दाखवा. झेललंत तर मी स्वतः धार लावून हातात देते आणि टाळ्याही वाजवते."

हे अण्णांना पटलं. म्हणजे जिंकायची खात्री होती म्हणून पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मैदानावर गेली. मैदान मोकळं, समोरून वारा. मंडळाची पोरं अजून यायची होती. सुनेनं पिशवीतून बोथट चक्रं काढली. धार सोडली तर खऱ्याची सख्खी भावंडं.

"पहिलं सरळ टाका," ती म्हणाली. "हात मोकळा होऊ द्या."

अण्णांनी चक्र अंगठा आणि बोटांच्या चिमटीत आडवं धरलं, हात छातीशी आणला आणि मनगटाचा असा झटका दिला, की ते सपाट, गरगर फिरत सुटलं. म्हाताऱ्याचा खांदा कुरकुरतो, पण मनगट अजून लग्नाच्या वयाचं होतं. खरी गंमत त्या झटक्यातच आहे. गिरकी नसेल तर चक्र पानासारखं उलटंपालटं होऊन पडतं. गिरकी असली की ते ज्या तिरकेपणानं सुटलं तो सोडत नाही. ताट फेकलं तर वारा पुढच्या अर्ध्यालाच जास्त उचलतो आणि गिरकीमुळे ताट एका कुशीवर कलंडतं. चक्राला मधे भोक. पुढची कड वारा कापते आणि मागची कडही आपला वाटा उचलते, म्हणून ते बरंच सरळ जातं. पातळ असल्यानं वाऱ्याला धरायला फारसं काही मिळत नाही.

चक्र लांब जाऊन गवतात टेकलं. थरथर नाही, डगमग नाही.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले.

"बघितलं. तोल माझा आहे."

"फेक माझी आहे!"

"बरं. आता परत आणा."

अण्णांनी वाऱ्याकडे तोंड केलं. दुसरं चक्र घेतलं. पुढची कड चांगली वर उचलली आणि वाऱ्यावर चढवून फेकलं. चक्र चढलं. चढता चढता वेग संपला आणि वरती, आकाशात, ते अगदी थांबल्यासारखं झालं. पण गिरकी होती, म्हणून तिरकेपणा तसाच राहिला, आणि ज्या उतारानं चढलं त्याच उतारावरून, घसरगुंडीवरून सुटावं तसं, ते मागे सरकायला लागलं. अण्णांकडेच.

"आलं! आलं!" अण्णा ओरडले. त्यांनी बोट वर केलं. सुनेला त्यांच्याकडे बघवेना आणि नजर हटवताही येईना.

चक्र येत होतं. जवळ आलं तसा त्याचा वेग दिसायला लागला. दुरून मऊ दिसणारी गोष्ट जवळून पोलाद होती. आणि मग अण्णांनी जे केलं ते त्यांनी केलं नाही, त्यांच्या पायांनी केलं. ते झटकन बाजूला झाले. बोट वरच राहिलं, माणूस तिथं नव्हता.

चक्र ते उभे होते तिथून थोडं पलीकडे जमिनीवर आपटलं, उसळलं आणि धुळीत लोळलं.

अण्णांनी वर राहिलेलं बोट हळूच खाली घेतलं.

"पाय घसरला," अण्णा म्हणाले.

"हो ना. सुक्या गवतावर घसरतोच."

"पुन्हा टाकतो."

"टाका की."

त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा आलं, या वेळी बरंच उजवीकडे. अण्णा तरीही डावीकडे पळाले. मग त्यांनी खाली बसून घेतलं. सून शेजारी बसली. तिनं चक्र उचलून त्यांच्यापुढे आडवं धरलं, जसं ते येतं तसं.

"अण्णा, बोट भोकात जायचं तर आधी काय ओलांडायचं?"

अण्णांनी बोट पुढे केलं. बोट बाहेरच्या कडेला टेकलं. तिथंच, जिथं संध्याकाळी धार असणार होती.

"हं," ते म्हणाले. वैतागून नाही. मुलाच्या शाळेतून पहिल्यांदा बोलावणं आलेल्या बापासारखे. "मग बाबांनी कसं झेललं? मी लहान होतो, पण आंधळा नव्हतो. चक्र वर गेलं. आम्ही सगळे वर बघत होतो. ते मागे आलं. आणि खाली बघतो तर बाबांच्या बोटावर चक्र फिरतंय."

"वर बघत होता."

"सगळेच बघत होते."

"एकच चक्र घेऊन यायचे का?"

"एक? छे! दंडावर चढवून आणायचे, चारपाच. लढाईतही माणूस एक घेऊन थोडाच..." अण्णा थांबले. वारा त्यांची मिशी हलवत राहिला. ते हळूहळू लाल झाले, आणि मग खदाखदा हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"लबाड माणूस! पोटच्या पोरालाही सांगितलं नाही गं! जे परत आलं ते मागे कुठंतरी पडलं असणार, आणि दंडावरचं बोटावर!"

"हुशार होते," सून म्हणाली. "दहाही बोटं घेऊन गेले."

"दहाही," अण्णा म्हणाले, आणि वडील त्यांना मारायचे तशी त्यांनी तिच्या डोक्यावर थाप मारली. जरा जोरातच.

संध्याकाळी मैदान भरलं. निवेदकानं घसा फाटेस्तोवर सांगितलं, "आता चक्र जाईल! शत्रूची मान उडवेल! आणि—"

अण्णांनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. निवेदकाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याची विजारच ओढली.

"मान उडत नाही," अण्णा म्हणाले. कर्ण्यातून आवाज मैदानभर घुमला. "हे हलकं असतं. तोंडावर, हातावर, उघड्या अंगावर वाईट जखम करतं. हाडात अडकतं. आणि परत येत नाही. आलं तर पळायचं. मी आज सकाळी दोनदा पळालोय."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "मग काय दाखवणार, म्हातारबा?"

"सरळ फेक दाखवतो. ती तुझ्या बापालाही जमणार नाही."

समोर बोरूच्या ओल्या काड्यांची जाड जुडी खांबाला बांधली होती. प्रेक्षक बाजूला, मागे रिकामा मातीचा बांध. अण्णांनी सुनेकडे हात केला. तिनं धारेचं चक्र आतल्या कडेनं धरून त्यांच्या हातात दिलं. धार तिनंच लावली होती, दुपारी, यंत्रावर, फार बारीक नाही. केसासारखी पातळ केली तर पहिल्याच घावाला मुडपते.

झटका बसला. चक्र दिसलंच नाही, फक्त एक चपटी चमक गेली. जुडीतून खस्सकन आवाज आला. बाहेरचे बोरू तुटून लोंबले आणि चक्र आतल्या बोरूंत अर्धं रुतून थांबलं. मान नाही, मुंडकं नाही, पण पुढच्या रांगेतल्या माणसांनी आपापला गळा चाचपला. मग टाळ्या झाल्या, आणि त्या खोट्या गोष्टीला मिळतात त्यापेक्षा उशिरा आल्या, पण लवकर थांबल्या नाहीत.

"थांबा, मी आणते," सून पुढे झाली.

"दोघं जाऊ," अण्णा म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला, पाचही बोटं पसरून, आणि दोघं हळूहळू मैदान ओलांडायला लागली. मागे निवेदक माईक शोधत होता. तो अजून अण्णांच्याच डाव्या हातात होता.