स्लॉटमधलं कुंकू

देवीदासकाकांच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात संगणक एकसारखा ओरडत होता. लांब बीप, थांबा, पुन्हा लांब बीप. पडदा काळा. बाकावर परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली दहा-बारा पोरं, आणि आज शेवटची तारीख.

"प्रणाली, पाहून दे ना बाई," काका म्हणाले. "काल दसऱ्याले नवी मेमरी टाकली. जुनीही काढून पुसली, दोन्हीची पूजा केली, मंग बसवली. तवापासून नुसतं बोंबलून राहिलं."

समोरच्या स्वतःच्या फॉर्मच्या दुकानातून प्रणाली आली होती. दोन वर्षांपूर्वी ती इथंच कामाला होती. संगणकाचा पंखा बंद पडून आतला पॉवर सप्लाय जळला, हे काकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी साऱ्या जठारपेठेत सांगितलं, की पोरीनं मशीन जाळली. त्यानंतर वर्षभर तिला कुणी काम दिलं नाही.

तिनं वायर काढली, झाकण उघडलं. मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या दोन्ही खाचांत, स्लॉटांत, कुंकवाची लाल कणी अडकली होती. पट्ट्यांना तर टिळाच लावलेला. एका नजरेत सारं कळलं.

"काय झालं?"

"तपासावं लागेल, काका. नीट."

आणि तिनं नीट तपासलं. दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं साफ केले. जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, कडा खट्ट वाजेपर्यंत दाबली. बीप. दुसऱ्यात. बीप. मग नवी, तशीच. दर वेळी वायर काढायची, थांबायचं, पुन्हा लावायची. एकही पायरी चुकवली नाही. कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं पद्धत बरोबरच आहे असं म्हटलं असतं.

"काका, किती वेळ?" एक पोरगा उठला.

"समोर माझी वहिनी बसली आहे, प्रतीक्षा," प्रणाली वर न बघता म्हणाली. "तिथं मशीन चालू आहे."

बाक निम्मा रिकामा झाला. प्रणालीनं आपल्या दुकानातून खात्रीची चालू पट्टी आणली. तीही दोन्ही स्लॉटांत ओरडली.

"मदरबोर्ड गेलं काय वं?" काकांनी वाकून आत पाहिलं.

"पट्ट्यांचा दोष नाही, एवढं सिद्ध झालं."

उरलेली पोरंही रस्ता ओलांडून गेली. तेव्हा कुठं तिनं मऊ ब्रश आणि स्पिरिट काढलं, स्लॉट झाडले, पुसले, वाळू दिले. एक पट्टी बसवली. एकच छोटा बीप, आणि पडदा उजळला. दुसरीही बसवली, पूर्ण मेमरी दिसली.

काकांनी बाकाकडे पाहिलं, मग समोरच्या गर्दीकडे. त्यांची नजर तिच्या लाल झालेल्या ब्रशवर येऊन थांबली.

"तुले हे पयलेच दिसलं होतं काय?"

"झाकण उघडलं तेव्हाच, काका," ती म्हणाली आणि ब्रश शांतपणे पुसू लागली.