दहा वॅट

चेन्नईत गरम पाण्याच्या नळीला वीज लावून ऊब देतात असं सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. इथं उन्हाळ्यात गार पाण्याचा नळही चटका देतो! पण एग्मोरच्या आमच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचा नवा वॉर्ड झाला आणि तिथं हे करावंच लागलं. गच्चीवरच्या टाकीतून निघालेली नळी एसीच्या गारव्यात छतामागून साठ मीटर जाते. पाणी परत टाकीकडे फिरवणारी दुसरी नळी टाकायला जागा नव्हती. रात्रभर पाणी नळीत उभं राहिलं की कोमट होतं, आणि कोमट पाण्यात जे जंतू वाढतात ते या रुग्णांच्या छातीत शिरले तर माणूस हातचा जातो. म्हणून नळीला वीजतार चिकटवायची, वरून जाड आवरण गुंडाळायचं आणि पाणी पंचावन्न अंशांवर धरून ठेवायचं. हॉस्पिटलची इंजिनियर म्हणून ते काम माझ्या गळ्यात होतं, आणि मी ते बालाजीराव मामांच्या गळ्यात घातलं.

मामा माझे कोणी नव्हेत. मी सांगलीची, नवऱ्याच्या बदलीमागे इथं आले तेव्हा मराठी बोलायला चिटपाखरू नव्हतं. मामा तंजावरकडचे, तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा हसले होते, मग घरी जाऊन रडले होते. ते वीजकामाचे ठेके घेत; तांबरमला त्यांचं गोदाम, वर घर. दर दिवाळीला मी तिथंच जेवायची. त्यांच्या बायकोने, हेमावतीमामींनी, माझी ओटी भरली होती. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सोमवारी वॉर्ड उघडायचा होता. शनिवारी सकाळी मी शेवटच्या खोलीतला नळ सोडला आणि थर्मामीटर धरला. चाळीस! पॅनेलकडे पाहिलं तर सत्तावन्न, आणि हिरवा दिवा. त्या पॅनेलचं काम साधं: नळीचं तापमान पन्नासखाली गेलं तर भोंगा, साठावर गेलं तर वीज बंद. भोंगा वाजला नव्हता.

मामा तिथंच होते. "नळात थोडं गार येतंच की, पोरी. हिंगे अस्क मी बघितलों. तू नोको बघू." इथलं सगळं मी पाहिलंय, असं त्यांच्या मराठीत.

त्यांचं काम मी आजवर कधी तपासून पाहिलं नव्हतं. आमच्यात मोठ्यांची परीक्षा घेत नाहीत, आणि त्यांच्यातही नाही. पण छतामागची नळी पुढच्या आठवड्यात ज्यांच्या अंगावर पाणी सोडणार होती, त्यांना या रीतीभातीचं काय? मी विजेचा प्रवाह मोजणारा क्लँप मीटर मागवला आणि तारेभोवती धरला.

हिशेब सोपा आहे. आवरण असूनही नळी दर मीटरला सुमारे सात वॅट उष्णता गमावते. म्हणून मी मीटरला नऊ वॅट देणारी तार ठरवली होती, तीसुद्धा नळी पंचावन्न अंशांवर असताना नऊ. ही तार स्वतःला सांभाळते: नळी गार झाली की जास्त वीज ओढते, तापली की हात आखडता घेते. पंचावन्नावर साठ मीटरला सव्वादोन अँपिअर हवेत, आणि नळी चाळिसावर असेल तर त्याहून जास्त. मीटर दाखवत होता एकसुद्धा नाही, जेमतेम पॉइंट नऊ.

"तार तुटली असंल," मामा म्हणाले.

"तुटली असती तर पॅनेलवर सत्तावन्न कुठून आलं, मामा?"

 मी शिडी लावली आणि पॅनेलला नळीचं तापमान कळवणाऱ्या सेन्सरच्या वायरीमागे निघाले. तो नळीच्या टोकाला, शेवटच्या खोलीपाशी असायला हवा होता. वायर उलट दिशेला, टाकीकडे गेली होती. टाकीतून पाणी निघतं तिथंच, जिथं नळी कायम गरम असते, तिथं सेन्सर नीट पट्टी मारून बसवला होता. भोंगा जन्मात वाजला नसता. अंगावर झुरळ चढावं तसं मला झालं.

मग मी सुरी घेऊन आवरण कापलं. तारेच्या अंगावर छापलेलं होतं: दहा वॅट, पाच अंशांना.

दहा म्हणजे नवापेक्षा जास्त, असं कोणालाही वाटेल. पण ही तार नळी गोठू नये म्हणून असते. बर्फाळ थंडीत, नळी पाच अंशांवर असताना ती दहा देते. पंचावन्नाला तिच्यातून दीड वॅटही निघत नाही. नळी निवत निवत चाळिसाला आली की तिची आणि गारव्याची बरोबरी होते आणि पाणी तिथंच थांबतं. नेमकं कोमट! जंतूंना पाळणाच बांधून द्यावा तसं.

ही तार कुठली हे मला विचारावं लागलं नाही. लेहमधल्या एका हॉटेलच्या नळ्यांचं काम मामांनी केलं होतं. तिथं हवेचं तापमान बघणारा थर्मोस्टॅट लावतात, गारठा पडला की तार चालू. उरलेली रिळं तांबरमच्या गोदामात मीच पाहिली होती, वर बसून पुरणपोळी खाल्ली त्या दिवशी.

"तू ठरवलेली तार बंदरावर अडकली," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "सोमवार टळला तर माझं नाव गेलं असतं. मागून बदलणार होतों."

"आणि सेन्सर?"

ते शिडीखाली उभे होते, धोतराचा सोगा हातात.

"नुसती तार चुकली असती तर मी ती चूक म्हटली असती, मामा. सेन्सर चुकून तिकडे जात नाही."

"तू उघडून बघणार नाहीस, ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "म्हणून धीर झाला."

मी शिडीवरच बसले. ओटीचा नारळ, दिवाळीचं पान, 'पोरी' म्हणून मारलेली हाक, सगळं त्यांनी त्या पट्टीखाली दाबून बसवलं होतं. माझ्या मायेचा त्यांना उपयोग झाला होता. इतका संताप मला सख्ख्या भावाचाही कधी आला नव्हता, आणि त्या संतापात रडू मिसळलेलं होतं ते वेगळंच.

तेवढ्यात वॉर्डच्या प्रमुख डॉक्टर विद्यालक्ष्मी आल्या. कापलेलं आवरण पाहून त्या थबकल्या. तमिळमध्ये विचारलं, "काय झालं? सोमवारी रुग्ण आणू ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि भराभर मराठीत बोलू लागले. डॉक्टरांना अवाक्षर कळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "सेन्सर सरकला म्हण, पोरी. कामगाराची चूक म्हण. एक आठवडा दे, अस्क बदलून देतों. माझं वय बघ. मामीचं तोंड बघ."

ज्या भाषेसाठी मी या शहरात भुकेली होते, ती भाषा त्यांनी आता माझ्या पुढ्यात टाकली, लपायला आडोसा म्हणून.

"काय म्हणतायत ते?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी शिडीवरून उतरले. मामींचं तोंड खरंच डोळ्यांपुढे आलं, ओटी भरताना कुंकवाचं बोट पुढे केलेलं. मग मी तमिळमध्ये बोलले, सावकाश, एकही शब्द न गाळता. तार चुकीची आहे, आणि मुद्दाम घातली आहे. सेन्सर मुद्दाम टाकीजवळ लावला आहे. त्यांनी मला आत्ता हे लपवायला सांगितलं, स्वतःचं वय आणि बायको पुढे करून. आणि मी उघडून बघणार नाही अशी त्यांना खात्री होती, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी लगेच फोन काढला आणि वॉर्ड पुढे ढकलला. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मामा माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तमिळमध्ये म्हणाले, "मॅडम, तार कधी काढायची?"

"उद्या सकाळी," मी तमिळमध्येच म्हटलं. "मी समोर उभी राहीन."